पाळणा लांबवायचा आहे, पण पाळी अजून आलेली नाही

एका ग्रामीण रुग्णालयात मी कुटुंब नियोजन समुपदेशक म्हणून काम करते. माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांपैकी बरीचशी पाळणा लांबवायचा म्हणून मुद्दाम आलेली नसतात. बाळाच्या लसीसाठी आलेली असतात आणि आशाताई त्यांना माझ्या खोलीकडे वळवतात. हेही जोडपं असंच आलं. नावं बदलून लिहिते. तिला सुवर्णा म्हणू, त्याला दत्ता. तिचं वय बावीस, त्याचं सव्वीस. मुलगी साडेचार महिन्यांची, तिसरी पेंटा लस राहून गेली होती म्हणून घेऊन आलेले. सोबत सासूबाई आणि आशाताई.

सासूबाईंना मी म्हटलं, "मावशी, लस टोचल्यावर बाळ रडेल, थोडा वेळ तुम्ही घ्याल का?" त्या बाळाला घेऊन बाहेरच्या बाकावर बसल्या. आशाताईंनाही खुणेनं बाहेर थांबायला सांगितलं. त्यांचा राग नसतो, त्यांना सवय आहे. आशाताई त्याच गावातल्या, त्याच गल्लीतल्या असतात. त्यांच्यासमोर नवरा-बायको घरातलं बोलत नाहीत आणि बोलावं अशी अपेक्षाही धरू नये.

दार लोटून घेतल्यावर मी साधनांचा ट्रे काढला नाही. तो आधी काढला की लोक ट्रेकडेच बघत बसतात आणि जे हातात येईल त्याला हो म्हणून मोकळे होतात. मी आधी विचारते. इथेही विचारलं, "पुढचं मूल कधी हवं, याचं काही बोलणं झालंय का तुमच्यात?"

दत्ता म्हणाला, "दोन वर्षांचं अंतर ठेवायचं म्हणतोय." सुवर्णा काहीच बोलली नाही, पदराच्या काठाशी चाळा करत राहिली. मग तोच पुढे म्हणाला, "पण आत्ता काही घाई नाही मॅडम. हिची पाळी अजून आलीच नाही. पाळी आल्यावर बघू."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यासाठीच हे लिहायला बसले. बाळंतपणानंतर पाळी आली नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत, असं घराघरात धरून चालतात. त्यात थोडं खरं आहे, म्हणूनच ते पटकन पटतं. "चुकीचं आहे" म्हणून ते झटकून टाकलं तर माणूस मनातून बंद होतो. खरं किती आणि कुठपर्यंत, ते सांगावं लागतं.

मी सांगितलं ते असं. "दत्ताभाऊ, तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे. बाळ अंगावर पीत असेल तर आईच्या शरीरात बीज तयार होण्याचं काम थांबून राहतं. पण त्याला तीन अटी आहेत आणि तिन्ही एकाच वेळी पाळल्या जायला हव्यात. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं. पाळी सुरू झालेली नको. आणि बाळाला फक्त अंगावरचंच दूध हवं, दिवसा आणि रात्रीसुद्धा. वरचं दूध नाही, पाणी नाही, गुटी नाही. या तिन्ही गोष्टी असतील तर सहा महिन्यांत शंभरात एखाद-दुसरीलाच दिवस राहतात. एक जरी अट मोडली तरी तो भरवसा संपला."

मग सुवर्णाला विचारलं, "ताई, बाळ फक्त तुमच्याच अंगावर पितंय ना?"

तिनं मान खाली घातली. मला लगेच कळलं. बऱ्याच बायकांना वाटतं, वरचं दूध दिलं म्हणून मॅडम ओरडणार. मी म्हटलं, "दिलं असेल तर दिलं. मला फक्त पुढचं ठरवायला माहीत हवंय." तेव्हा ती म्हणाली, चौथा महिना संपत आला तसं तिला शेतात जावं लागलं. दुपारी सासूबाई गायीचं दूध पाणी घालून पाजतात. रात्रीही आता एकदाच उठावं लागतं, बाळ झोपतं.

म्हणजे तिसरी अट मोडून दोन-तीन आठवडे झालेले. दिवसभरात बाळ जितक्या कमी वेळा अंगावर येतं तितकं बीज पुन्हा तयार व्हायला मोकळीक मिळते. आणि बीज पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी सुटतं. हे मी कागदावर काढून दाखवलं. एक आडवी रेघ, डाव्या टोकाला बाळंतपण, उजव्या टोकाला पहिली पाळी आणि पाळीच्या जरा अलीकडे एक ठिपका. "हा ठिपका म्हणजे बीज सुटलं तो दिवस. तो बाहेरून कुणालाच दिसत नाही. त्या सुमारास संबंध आले आणि दिवस राहिले, तर ही पहिली पाळी येणारच नाही. तुम्ही पाळीची वाट बघत राहाल आणि पोट दिसायला लागल्यावर कळेल."

दत्ता त्या कागदाकडे बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "आमच्या वहिनीचं असंच झालं."

पुढचा प्रश्न जपून विचारायचा असतो आणि तो दोघांसमोर विचारायचा की एकेकट्याला, हे ज्याच्या त्याच्या चेहऱ्यावरून ठरवावं लागतं. मी म्हटलं, "बाळंतपणानंतर तुमचे दोघांचे संबंध सुरू झालेत का? यात लाजण्यासारखं काही नाही. ते कळल्याशिवाय मला कुठलंच साधन सुचवता येणार नाही." दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग तो म्हणाला, झाले आहेत, दोन-तीनदा. शेवटचे साधारण दहा दिवसांपूर्वी. काही वापरलं नव्हतं, "बाहेर सोडलं" असं तो म्हणाला. मी मान डोलावली आणि तेवढंच सांगितलं, की या पद्धतीवर विसंबलेल्या शंभर जोडप्यांत वर्षभरात वीसेक जणींना दिवस राहतात. वीर्य बाहेर येण्याआधी जो ओलावा येतो त्यातही शुक्राणू असू शकतात, आणि वेळेवर बाजूला होणं दर वेळी जमतं असंही नाही.

आता प्रश्न असा, की तिला आत्ताच दिवस राहिलेले असले तर? म्हणून 'निश्चय' किटवर लघवीची तपासणी केली. एकच रेघ आली. दत्ताचा जीव भांड्यात पडला, पण मला इथे थांबता येत नव्हतं. संबंध येऊन दहाच दिवस झालेत. दिवस राहिले असतील तर लघवीत ते उमटायला वेळ लागतो. शेवटच्या असुरक्षित संबंधानंतर तीन आठवडे गेल्यावर एकच रेघ आली, तरच नक्की नाही म्हणता येतं. त्या आधीची एक रेघ म्हणजे "बहुतेक नाही". हा फरक मी त्यांना उलगडून सांगितला. किट हातात मिळालं की लोक घरी दुसऱ्याच दिवशी तपासून बघतात आणि निर्धास्त होतात.

यापुढे मी दत्ताला बाळाची लस झाली का बघायला पाठवलं आणि सुवर्णाशी पाच मिनिटं एकटीशी बोलले. हे मी प्रत्येक वेळी करते, नवरा कितीही समंजस असला तरी. तिला विचारलं, "तुमच्या मनाविरुद्ध काही होतं का? नको म्हटलं तर ऐकतात का?" ती म्हणाली, ऐकतात. मग थोडं थांबून म्हणाली, "सासूबाई म्हणतात, पहिली मुलगी झाली, आता लगेच दुसरं होऊन जाऊ दे. मला अजून तीन वर्षं तरी नकोय. अंगात त्राणच नाही."

त्राण नसण्याचं कारण तिच्या कार्डावरच होतं. हिमोग्लोबिन 9.4. लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. घेतेस का विचारल्यावर म्हणाली, आठवण राहत नाही, निम्मी पाकिटं तशीच पडलीत. ही माहिती मी मनात ठेवली, कारण गोळ्यांच्या साधनांवर बोलताना ती उपयोगी पडणार होती.

दत्ता परत आला तेव्हा मी दोन आणि तीन वर्षांचा प्रश्न असा ठेवला. "डॉक्टर सांगतात, आधीचं बाळ किमान दोन वर्षांचं झाल्यावरच पुढचे दिवस राहावेत. आईच्या अंगातलं रक्त भरून यायला आणि बाळाला नीट वाढायला तेवढा वेळ लागतो. म्हणजे तुमची मुलगी दोन वर्षांची झाल्यावर प्रयत्न सुरू केले, तर दुसरं मूल जन्माला येईपर्यंत ती जवळजवळ तीन वर्षांची असेल. तुम्ही म्हणता ती दोन वर्षं आणि ताईंना हवीत ती तीन वर्षं, यात फारसा फरक नाही." तिनं त्याच्याकडे पाहिलं. तिला तीन वर्षं हवीत हे त्याला तिथेच कळलं असावं. तिनं मला तसं सांगायला हो म्हटलं होतं, म्हणूनच मी बोलले. तिनं नको म्हटलं असतं तर ते खोलीबाहेर गेलं नसतं.

आता ट्रे काढला. त्यात निरोध, माला-एन, छाया, अंतराची कुपी आणि तांबी, सगळं असतं. पण सगळ्यांची सारखी ओळख करून देत बसले नाही. सुवर्णाच्या बाबतीत काय चालतं आणि काय चालत नाही, तिथून सुरुवात केली.

माला-एन बाजूला ठेवली. त्या गोळीत दोन संप्रेरकं असतात, त्यातल्या एकामुळे अंगावरचं दूध कमी होऊ शकतं. म्हणून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत ती देत नाहीत. शिवाय ती रोज घ्यायची असते.

छायाची गोळी अंगावर पाजणाऱ्या बाईला चालते, तिच्यात संप्रेरक नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत ती तयार झाली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या दोन वारी, म्हणजे रविवारी सुरू केली तर रविवार आणि बुधवार. तीन महिन्यांनंतर आठवड्यातून एकदाच, सुरुवात केली त्या वारी. हे सांगत असतानाच सुवर्णा म्हणाली, "मॅडम, माझ्याच्यानं वार ध्यानात राहायचे नाहीत. लोहाच्या गोळ्यांचंच बघा ना." मी तिला त्यावर काही समजावलं नाही. स्वतःला काय जमणार नाही, ते तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

तांबी मी हातात दिली. बहुतेक जणींनी ती कधी पाहिलेली नसते. नाव ऐकून मोठं काहीतरी लोखंडी डोळ्यांसमोर येतं आणि प्रत्यक्षात ती बोटाच्या पेरांवर मावते, प्लॅस्टिकची, तांब्याची बारीक तार गुंडाळलेली, खाली दोन नाजूक दोरे. दत्तानं विचारलं ते मला अपेक्षितच होतं. "ती वर चढते म्हणतात. एका बाईच्या छातीपर्यंत गेली म्हणे." मी गर्भपिशवीचं मॉडेल उघडून दाखवलं. पिशवी वरून बंद असते, तिथून पोटाकडे किंवा छातीकडे वाट नाही. पण नुसतं "काही होत नाही" म्हणणं खरं ठरलं नसतं. बसवताना हजारात एखादीच्या पिशवीच्या भिंतीला छिद्र पडू शकतं, म्हणून शिकलेल्या हातानंच ती बसवून घ्यायची. काहींची पहिल्या काही महिन्यांत आपोआप खाली येऊन पडते, म्हणून पाळीनंतर बोटानं दोरा लागतो का ते पाहायचं. पहिले तीन ते सहा महिने पाळीत अंगावरून जास्त जातं आणि ओटीपोटात कळा येतात. सरकारी दवाखान्यात दोन प्रकारच्या मिळतात, 380 ए दहा वर्षं चालते आणि 375 पाच वर्षं. मूल हवं तेव्हा काढली की लगेच दिवस राहू शकतात. आणि भरवशाला ती सगळ्यात पक्की, वर्षभरात शंभरात एकीलाही दिवस राहत नाहीत.

सुवर्णाच्या कमी रक्ताचं काय? रक्त कमी आहे म्हणून तांबी बसवताच येत नाही असं नाही, डॉक्टर तपासून बसवतात. पण अंगावरून जास्त जाण्याची शक्यता असताना 9.4 हिमोग्लोबिनवर ती बसवायची तर लोहाच्या गोळ्या नेमानं घ्याव्याच लागतील, हे तिला स्पष्ट सांगितलं. आणि दिवस राहिलेले नाहीत हे नक्की झाल्याशिवाय तांबी बसवत नाहीत, तेव्हा आज ती शक्यच नव्हती.

मग सुई. अंतराच्या एका कुपीत 150 मिलिग्रॅम औषध असतं. दर तीन महिन्यांनी दंडात किंवा कुल्ल्यात. बीज सुटणं ते थांबवतं. बाळ दीड महिन्याचं झालं की पाजणाऱ्या आईलाही चालतं, दुधावर परिणाम होत नाही. वेळेवर घेतली तर हजारात दोघी-तिघींनाच दिवस राहतात, पण प्रत्यक्षात तारखा चुकतात म्हणून शंभरात चारेक जणींना राहतात. घरात काही ठेवावं लागत नाही, हे ऐकून दोघांचेही चेहरे उजळले. दत्ता म्हणाला, "आईला कळायला नको, नाहीतर रोज बोलणी खावी लागतील हिला." कार्ड आम्ही इथेच ठेवू, असं मी सांगितलं. फोन करायचा तर कोणत्या नंबरवर आणि किती वाजता, तेही विचारून लिहून घेतलं.

पण सुईचं खरं बोलणं इथून पुढे सुरू होतं. सुई घेतलेल्या बायका दुसऱ्या डोसला का येत नाहीत, याचं उत्तर बहुतेक वेळा पाळीत असतं. पहिल्या काही महिन्यांत अधूनमधून डाग लागतात, कधी दहा-दहा दिवस थोडं थोडं जातं. पुढे पाळी लांबते आणि वर्षभर सुई घेतलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या बायकांची थांबूनच जाते. हे आधी सांगितलं नाही तर डाग लागले की बाई घाबरते आणि पाळी थांबली की दिवस राहिले समजून घाबरते. सुवर्णानं विचारलं, "पाळी आली नाही तर ते घाण रक्त अंगातच साठतं ना?"

मी म्हटलं, "ताई, पाळीचं रक्त घाण नसतं. दर महिन्याला पिशवीच्या आत एक मऊ अस्तर तयार होतं, बाळ आलं तर त्याच्यासाठी. बाळ आलं नाही की ते सुटून बाहेर पडतं. पेरणीच नसेल तर शेत नांगरून ठेवत नाहीत, तसं सुईमुळे ते अस्तर वाढतच नाही. मग बाहेर पडायला काही राहत नाही. साठत काहीच नाही. तुमच्यासारख्या रक्त कमी असलेल्या बाईला उलट त्याचा थोडा फायदाच होतो." ती हसली, म्हणाली, हे कुणी सांगितलं नव्हतं.

बाकीचंही सांगितलं. काहींचं वजन थोडं वाढतं. दीर्घकाळ घेतली तर हाडांची घनता जरा कमी होते, सुई बंद केल्यावर ती भरून येते. एचआयव्ही किंवा गुप्तरोगांपासून संरक्षण मिळत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकदा टोचलेलं औषध काढून घेता येत नाही. त्रास झाला तर तीन महिने वाट बघावी लागते.

दिवस परत कधी राहतात, हा दत्ताचा प्रश्न होता. सुईनं वांझपण येतं असं त्यानं कुठेतरी ऐकलं होतं, पण ते तो तोंडानं म्हणत नव्हता. वांझपण येत नाही. मात्र उशीर होतो, शेवटच्या सुईपासून साधारण सात ते दहा महिने लागतात. आम्ही तिघांनी मिळून कागदावर हिशेब केला. मुलगी साडेपाच महिन्यांची असताना पहिली सुई घेतली, तर पुढच्या साडेआठ, साडेअकरा, साडेचौदा आणि साडेसतरा महिन्यांना येतात. साडेसतराला शेवटची घेऊन थांबलं, तर सात ते दहा महिने मोजून मुलगी दोन वर्षांची ते सव्वादोन वर्षांची होते. पण इथे एक खोच आहे. शेवटच्या सुईचं संरक्षण तीन महिन्यांचंच, म्हणजे साडेवीस महिन्यांपर्यंत. उशीर सरासरीनं होतो, प्रत्येकीला होतोच असं नाही. तेव्हा साडेवीस ते चोवीस महिन्यांच्या मध्ये दिवस नको असतील तर निरोध वापरायचा. हे मी ठळक अक्षरात लिहून दिलं.

निर्णय त्यांनी तिथल्या तिथे घ्यावा असं मी म्हटलं नाही. तसंही तीन आठवडे थांबायचंच होतं, म्हणजे आजपासून पुढे संबंध आले तरी निरोध वापरून, आणि मग पुन्हा तपासणी. त्यामुळे त्या दिवशी खरं शिकायचं होतं ते निरोधच.

निरोध कसा वापरायचा हे मला माहीत आहे, असं प्रत्येक पुरुष म्हणतो. दत्ताही म्हणाला. मी लाकडी मॉडेल टेबलावर ठेवलं आणि त्याच्या हातात पाकीट दिलं. सुवर्णा खिडकीकडे बघू लागली. मी तिला म्हटलं, "ताई, तुम्हीही बघा, उद्या एखादा फाटला तर तुम्हालाही ओळखता यायला हवं." मग ती वळली.

त्यानं पाकीट दातानं फाडायला तोंडाकडे नेलं. तिथेच थांबवलं. आधी तारीख बघायची, मग पाकिटातल्या निरोधला बोटानं एका कडेला सारून दुसऱ्या कडेनं फाडायचं, दात किंवा नख लावायचं नाही. टोकाची बोंडी चिमटीत धरून त्यातली हवा काढायची, नाहीतर वीर्य साठायला जागा राहत नाही आणि फाटतो. मग मुळापर्यंत उलगडत न्यायचा. उलटा बसला आणि उलगडेना तर तो पलटवून वापरायचा नाही, टाकून नवा घ्यायचा. संबंध झाल्यावर ताठरता असतानाच, कडा मुळाशी धरून बाहेर काढायचा. बरेचजण ही एक गोष्ट करत नाहीत. सैल पडल्यावर काढला की निरोध आतच राहतो. गाठ मारून कागदात गुंडाळून कचऱ्यात.

तेलाबद्दल मी मुद्दाम विचारते, कारण बाळंतपणानंतर आणि अंगावर पाजत असताना योनीमार्ग कोरडा राहतो. संबंधाच्या वेळी दुखतं आणि घरात हाताशी खोबरेल तेल असतं. दत्ता म्हणाला, वापरतो. तेलानं निरोधचं रबर काही मिनिटांतच कमजोर होतं. त्याऐवजी पाण्यावर बनवलेली जेली वापरायची, औषधाच्या दुकानात मिळते. आणि मग त्याला म्हटलं, "ताईंना दुखतं का ते विचारत जा. घाई केली नाही तर कोरडेपणा कमी होतो." त्यानं "हो" म्हटलं, खाली बघूनच, पण म्हटलं.

निरोध फाटला किंवा निसटला तर काय, तेही सांगून ठेवलं. ईझी-पिलची एकच गोळी, 72 तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. ती नेहमीचं साधन म्हणून नाही, अडीनडीला. मग दत्तानं विचारलं, "पुरुषांसाठी निरोध सोडून काही आहे का?" मला त्याचं विचारणं आवडलं. नसबंदी आहे, बिनटाक्याची, छोटी, पण कायमची. अजून मूल हवंय तोवर तिचा विचारच नको.

जाताना तीस निरोध दिले. सासूबाईंनी बाहेर विचारलं, "एवढा वेळ काय चाललं होतं?" दत्ता म्हणाला, "हिचं रक्त कमी आहे, त्याचं सांगत होत्या." खोटंही नव्हतं.

तीन आठवडे उलटल्यावर दोघं परत आले. वाट बघताना माझ्या मनात धाकधूक होती, कारण तारीख दिलेली जोडपी परत येतातच असं नाही. मधल्या काळात प्रत्येक वेळी निरोध वापरला, एकदाही सुटला नाही, असं दोघांनी सांगितलं. पुन्हा निश्चय किट, पुन्हा एकच रेघ, आणि आता तिचा अर्थ पक्का होता. तांबी की सुई? सुवर्णानं स्वतःहून सांगितलं, सुई. दत्ताला तांबी बरी वाटत होती, दर तीन महिन्यांनी खेप नको म्हणून. त्यानं तिला विचारलं, ती म्हणाली, "आतून तपासणीची मला भीती वाटते." त्यानं तो विषय सोडला. मीही सोडला. भीती समजावून घालवता येते, पण तिनं दुसरं चांगलं साधन विचार करून निवडलेलं असताना घालवायची गरज नव्हती.

डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, 110/70. कावीळ, छातीत किंवा पायात रक्ताची गाठ, अर्धशिशी, स्तनात गाठ, न कळणारा रक्तस्राव, सगळं विचारून झालं. सुई दंडात दिली. नर्स सवयीनं कापसानं चोळायला गेली, तिला थांबवलं. अंतराची जागा चोळायची नाही, शेकायचीही नाही. चोळलं तर औषध भराभर रक्तात जातं आणि तीन महिने पुरत नाही. पाळीच्या दिवसांत दिलेली सुई लगेच लागू होते, पण सुवर्णाची पाळी सुरूच नव्हती, म्हणून पुढचे सात दिवस निरोध.

पुढची तारीख कार्डावर लिहिली आणि तिच्या खाली आणखी दोन तारखा लिहिल्या. सुई ठरल्या दिवसाच्या दोन आठवडे आधीपर्यंत घेता येते आणि उशीर झालाच तर चार आठवडे नंतरपर्यंतही चालते. हे सांगितलं नाही तर तारीख चुकलेली बाई "आता काय उपयोग" म्हणून येतच नाही. चार आठवड्यांपेक्षा जास्त उशीर झाला तरी यायचं, फक्त आधी तपासणी होईल.

सहा-सात आठवड्यांनी, आम्ही ठरवलेल्या वेळी, दत्ताचा फोन आला. हिला आठ दिवस डाग लागतायत, बंदच होत नाहीत. किती कपडे भिजतात विचारलं. दिवसाला एकच पॅड, तेही पूर्ण भिजत नाही. चक्कर नाही, पोटात जोराची कळ नाही, डोकं दुखून अंधारी येत नाही. "हे मी सांगितलं होतं तसलंच आहे. लोहाची गोळी चालू ठेवा. तासाभरात पॅड भरायला लागलं किंवा यातलं काही झालं तर रात्री असली तरी घेऊन या. नाहीतर मंगळवारी डॉक्टर आहेत, मनाच्या समाधानासाठी दाखवून जा." मंगळवारी ती आली. डॉक्टरांनी तपासलं, हिमोग्लोबिन पुन्हा केलं, 9.9 आलं. डाग काही दिवसांत थांबले.

दुसरी सुई तिनं ठरलेल्या तारखेनंतर पाच दिवसांनी घेतली. एकटीच आली होती, दत्ता कापसाच्या वेचणीत अडकला होता. कार्ड काढून पुढची तारीख लिहीत होते, तेव्हा म्हणाली, "मॅडम, शेजारच्या वहिनीचं बाळ तीन महिन्यांचं आहे. तिलाही तो रेघेवरचा ठिपका दाखवाल का? ती म्हणते पाळी आल्यावर बघू."

मी तिला लसीचा दिवस सांगितला आणि म्हटलं, जमलं तर नवऱ्यालाही सोबत आणायला सांग.